सातव्या ओळीतला पत्ता

आमच्या संस्थेचा दिवाळी अंक दरवर्षी सहाशे वर्गणीदारांना टपालाने जातो. पाकिटांवर पत्त्याची लेबलं चिकटवायची असतात. एका ए-फोर शीटवर एकवीस लेबलं बसतात, म्हणजे एकोणतीस शीट पुरतात. गेल्या वर्षी मी सगळ्या एकोणतीस शीट एका दमात प्रिंटरला दिल्या आणि चहा करायला गेलो. परत येऊन पाहतो तर पहिल्या ओळीतल्या पत्त्यांचे पिनकोड खालच्या लेबलवर उतरले होते आणि सातव्या ओळीतल्या माणसांची नावं वरच्या लेबलवर चढली होती. मधली, चौथी ओळ मात्र अगदी जागच्या जागी होती.

माझी पहिली शंका प्रिंटरवर गेली. दुसरी, वरचा मार्जिन चुकला असेल अशी. मी तो चार मिलिमीटरने कमी केला. पहिली ओळ जागेवर आली, पण सातवी दुप्पट बिघडली. तेव्हा कळलं की चूक शोधायची तर एका लेबलकडे बघून भागत नाही. चूक शीटभर कशी पसरली आहे, ते बघावं लागतं.

प्रत्येक बिघाडाची स्वतःची खूण असते. सगळीच लेबलं एकाच दिशेला सारखी सरकली असतील, तर दोष मार्जिनचा. चूक ओळीगणिक वाढत किंवा घटत गेली असेल, तर छपाईचा आकारच बदललेला आहे. अमुक एका ओळीपर्यंत सगळं ठीक आणि तिथून पुढे अचानक उडी दिसली, तर त्या ओळीची उंची वाढली आहे. आणि डावीकडे बरोबर पण उजवीकडे खाली असं तिरकं दिसलं, तेही प्रत्येक शीटवर वेगवेगळं, तर कागद आत जाताना वाकडा होतो आहे.

माझ्या शीटवर दुसरी खूण होती. तिचा हिशोब मांडून पाहिला की सगळं उलगडतं. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. माझ्या शीटवरचं प्रत्येक लेबल ६३.५ मिलिमीटर रुंद आणि ३८.१ मिलिमीटर उंच. आडवी तीन, उभी सात. सात लेबलांची उंची होते २६६.७, म्हणजे उरलेल्या ३०.३ मिलिमीटरपैकी निम्मे, साधारण १५, वर आणि तितकेच खाली. वर्डमधल्या टेम्प्लेटमध्ये हेच आकडे होते. आराखडा बरोबर होता.

मग गडबड कुठे झाली? फाइल मी पीडीएफ करून छापली होती आणि छपाईच्या खिडकीत `Fit` हा पर्याय आधीच निवडलेला होता. घरगुती प्रिंटर सहसा कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत. आमचा चारही बाजूंना सुमारे तीन मिलिमीटर कोरी पट्टी सोडतो. `Fit` म्हणजे ‘पान त्या पट्टीच्या आत बसव’. २१० मिलिमीटर रुंदीचं पान २०४ मध्ये बसवायचं, म्हणजे ते सत्त्याण्णव टक्क्यांवर आलं. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण पान मध्यबिंदूभोवती आक्रसतं, त्यामुळे मधल्या ओळीला काहीच होत नाही आणि मध्यापासून जितकं दूर जावं तितकी चूक वाढते. पहिल्या ओळीचा मध्य पानाच्या मध्यापासून ११४ मिलिमीटरवर आहे. त्याचे तीन टक्के म्हणजे सव्वातीन मिलिमीटरहून थोडं जास्तच. तेवढे पहिल्या ओळीतले पत्ते खाली आले आणि सातव्या ओळीतले तितकेच वर गेले. मार्जिन हलवून हे कधीच सुटलं नसतं, कारण मार्जिन सगळ्यांना एकाच दिशेला ढकलतो आणि इथे तर वरचे खाली, खालचे वर आले होते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी आकार, मग जागा. आकार शंभर टक्के असल्याशिवाय मार्जिनला हात लावायचा नाही.

आकार तपासायची युक्ती सोपी आहे. वर्डमध्ये कोऱ्या पानावर २०० मिलिमीटर लांबीची एक उभी रेघ काढा आणि लेबलं जशी छापणार आहात तशीच ती साध्या कागदावर छापा. मग फूटपट्टीने मोजा. १९४ भरली, तर सत्त्याण्णव टक्के. रेघ लांब हवी, कारण दोन सेंटिमीटरच्या रेघेत तीन टक्के म्हणजे अर्धा मिलिमीटर, तो डोळ्यांना दिसत नाही. लेझर प्रिंटरच्या उष्णतेने कागदातला ओलावा उडून रेघ किंचित लहान भरू शकते, त्याची काळजी नको. पाच-सहा मिलिमीटरचा फरक मात्र कागदामुळे पडत नाही.

आकार बदलणारी ठिकाणं तीन, आणि तिन्ही तपासावी लागतात. पीडीएफ छापताना `Fit` किंवा `Shrink oversized pages` सोडून `Actual size` निवडायचं. ब्राउझरमधून छापत असाल तर तिथेही ‘छापता येईल तेवढ्या जागेत बसव’ असा पर्याय असतो, तो नको. प्रमाण शंभर टक्के ठेवायचं. दुसरं ठिकाण वर्ड स्वतः. छपाईच्या पानावर खाली, एका पानावर किती पानं छापायची ते विचारणाऱ्या यादीत `Scale to Paper Size` असतं, तिथे `No Scaling` हवं. शिवाय `File`, `Options`, `Advanced` या वाटेने गेलं की छपाईच्या भागात `Scale content for A4 or 8.5 x 11" paper sizes` अशी एक खूण केलेली असते. ती काढावी. तिसरं ठिकाण प्रिंटरची स्वतःची सेटिंग्ज. वर्डमध्ये सगळं बरोबर असूनही तिथे ‘कागदाला बसव’ चालू राहिलेलं असतं आणि आपण चुकीच्या खिडकीत शोधत बसतो.

ती वर्डमधली खूण मुळात असते कशासाठी? अमेरिकेत ए-फोर चालत नाही, तिथे लेटर आकार चालतो. तो २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर, म्हणजे ए-फोरपेक्षा जवळजवळ सहा मिलिमीटर रुंद आणि साडेसतरा मिलिमीटर बुटका. तिकडून आलेली फाइल आपल्याकडे छापली जावी म्हणून वर्ड ती गुपचूप लहान करतो. पत्राला हे चालतं, लेबलला नाही. यातूनच दुसरी एक फसगत होते. लेबलच्या यादीत एकाच कंपनीची दोन नावं दिसतात, एक लेटर कागदासाठी आणि एक ए-फोरसाठी. घाईत पहिलं निवडलं की आराखडाच परक्या कागदाचा होतो. पाकिटावर छापलेला क्रमांक यादीत सापडला नाही, तर जवळचा वाटणारा निवडण्यापेक्षा स्वतःचा आराखडा केलेला बरा.

तो करायला `Mailings` मधल्या `Labels` मध्ये जाऊन `Options` आणि मग `New Label` दाबायचं. तिथे वरचा मार्जिन, बाजूचा मार्जिन, लेबलची उंची व रुंदी, आडवी-उभी संख्या आणि कागद विचारतात. गोंधळ होतो तो `Pitch` या दोन रकान्यांत. पिच म्हणजे लेबलची उंची नव्हे. एका लेबलच्या वरच्या कडेपासून त्याखालच्या लेबलच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे उभा पिच. माझ्या शीटवर ओळींमध्ये फट नाही, म्हणून तो उंचीइतकाच, ३८.१. पण उभ्या रांगांमध्ये अडीच मिलिमीटरची फट आहे, म्हणून आडवा पिच ६३.५ नव्हे, ६६. इथे ६३.५ लिहिलं तर दुसरी रांग अडीच आणि तिसरी पाच मिलिमीटर डावीकडे सरकते. वाढत जाणारी चूक फक्त आडवी दिसली, उभ्या दिशेला सगळं ठीक असलं, तर पिच तपासा. मोजतानाही एकच फट मोजू नका. पहिल्या लेबलच्या कडेपासून शेवटच्या लेबलच्या त्याच कडेपर्यंत मोजा आणि मधल्या उड्यांच्या संख्येने भागा, म्हणजे मोजण्यातली चूकही वाटली जाते.

हे जमल्यावर मी शंभर टक्क्यांवर एक पान साध्या कागदावर छापलं, ते कोऱ्या लेबल शीटच्या मागे धरलं आणि दोन्ही खिडकीच्या काचेला टेकवलं. उजेडात लेबलच्या कडा आणि पत्ते एकत्र दिसतात. आता सगळेच पत्ते सारखे सरकलेले होते, दीड मिलिमीटर खाली आणि एक मिलिमीटर उजवीकडे. हा खरा मार्जिनचा दोष; प्रिंटर कागद कुठून पकडतो त्यातून येणारा. लेबलच्या फाइलमध्येच `Layout` मधून वरचा मार्जिन १.५२ सेंटिमीटरचा १.३७ केला आणि डावा ०.७२ चा ०.६२. छापताना मार्जिन छपाईच्या हद्दीबाहेर असल्याचा इशारा आला आणि दुरुस्त करू का असं विचारलं, तर नाही म्हणा. हो म्हटलंत तर मोजून टाकलेले आकडे वर्ड स्वतःच्या मनाने बदलतो.

मराठी पत्त्यांचा एक वेगळाच त्रास आहे. मंगलसारख्या फॉन्टमध्ये वेलांट्या, मात्रा आणि रुकारांना जागा म्हणून ओळी बऱ्याच उंच असतात. इंग्रजीत सहज बसलेला सहा ओळींचा पत्ता मराठीत ३८ मिलिमीटरच्या बाहेर जाऊ शकतो. लेबलं म्हणजे खरं तर एक तक्ता असतो. त्यातल्या ओळीची उंची `At least` असेल तर ती ताणली जाते आणि तिथून खालच्या सगळ्या ओळी एका पायरीने उतरतात. तक्त्याच्या गुणधर्मांत ती `Exactly` करा. मग जादा मजकूर कापला जाईल, पण ते लगेच डोळ्यांना दिसतं आणि अक्षर लहान करता येतं.

वाकड्या शीटवर वर्डमध्ये इलाज नाही. ट्रेमधल्या बाजूच्या पट्ट्या कागदाला अलगद टेकवायच्या, जाड शीट हाताने एकेक द्यायची आणि प्रिंटरला कागदाचा प्रकार लेबल म्हणून सांगायचा. काही लेबलं काढलेली शीट लेझर प्रिंटरमध्ये पुन्हा घालू नये. उघडा गोंद आणि सुटलेली कड आत तापलेल्या रोलरला चिकटते. आणि सगळं साधलं तरी एकाच प्रिंटरमधून निघालेल्या दोन शीट मिलिमीटरभर इकडेतिकडे होतातच. म्हणून लेबलला कडेलगत चौकट छापू नये आणि मजकूर कडेपासून तीन मिलिमीटर आत ठेवावा.

या वर्षी एकोणतीस शीट नीट निघाल्या. उरलेल्या पाकिटावर मी पेनाने लिहून ठेवलं आहे: शंभर टक्के, वर १.३७, डावीकडे ०.६२, हाताने एकेक. खाली प्रिंटरचं नावही लिहिलंय, कारण शेवटचे दोन आकडे शीटचे नाहीत, त्या प्रिंटरचे आहेत.