घसरण थांबते तळव्याशी

पावसाळी चप्पल घेताना आपण रंग पाहतो, पट्टा ओढून पाहतो. तळ मात्र क्वचितच उलटून पाहतो. घसरण ठरते ती तिथेच. ओल्या फरशीवर चप्पल आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो आणि पाऊल त्यावर तरंगते. ते पाणी बाहेर पडायला तळावरच्या खाचा कडेपर्यंत उघड्या हव्यात. मधेच बंद होणाऱ्या गोल नक्षीत पाणी कोंडून राहते.

दुसरी गोष्ट तळाच्या मऊपणाची. दुकानात नखाने दाबून पाहा. किंचित दबून परत वर येणारे रबर फरशीला धरते. कडक, चकचकीत प्लास्टिक सटकते. बाथरूमसाठी बारीक, दाट खाचांचा मऊ तळ चांगला. रस्त्यावरच्या चिखलाला खोल, रुंद खाचा आणि टाचेमागे पट्टा असलेली सँडल हवी, कारण सैल चप्पल पायातूनच निसटते.

साबणाचा बुळबुळीतपणा आणि शेवाळ यांपुढे मात्र चांगला तळही हरतो. तिथे फरशी घासायलाच हवी. आणि टाचेखालच्या खाचा झिजून सपाट झाल्या, की पट्टा शाबूत असला तरी ती चप्पल बदला.