तेवीस रुग्ण आणि अपुरे आकडे

रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार म्हणजे अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. केमोथेरपीने रोग आटोक्यात आला, तरी पुढेही औषध चालू ठेवावे की थांबवावे? १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात या प्रश्नाचा माग काढला होता. त्यातली २३ रुग्णांची आकडेवारी आज जगभरच्या संख्याशास्त्राच्या वर्गांत शिकवली जाते. ११ जणांचे औषध चालू ठेवले होते, १२ जणांचे थांबवले होते. कोणाचा रोग किती आठवड्यांनी उलटला, हे मोजायचे होते.

औषध थांबवलेल्यांपैकी ११ जणांचा रोग उलटला, तर चालू ठेवलेल्यांपैकी ७ जणांचा. मग सरळ सरासरी काढून तुलना का करू नये? कारण पाच रुग्णांची गोष्ट अर्धीच ठाऊक आहे. औषध चालू असलेल्या एका रुग्णाची शेवटची नोंद १६१व्या आठवड्याची आहे आणि तोवर त्याचा रोग उलटलेला नव्हता. पुढे काय झाले ते नोंदीत नाही. अशा नोंदीला ‘सेन्सर्ड’ म्हणतात. १६१ हाच त्याचा अंतिम आकडा धरला तर ते चूक, आणि त्याला वगळले तर सर्वांत दीर्घकाळ बरा राहिलेला माणूसच हिशेबातून जातो. हे दोन्ही टाळणारी रीत नेथन मँटेल यांनी १९६६ साली मांडली. तिलाच आज लॉग-रँक चाचणी म्हणतात.

या चाचणीत ज्या ज्या आठवड्यात कोणाचा तरी रोग उलटला, त्या प्रत्येक आठवड्यात थांबून विचारायचे: या घडीला दोन्ही गटांत निरोगी आणि निगराणीखाली असलेले किती जण उरले आहेत? औषधाने काहीच फरक पडत नसेल, तर आजची घटना दोन्ही गटांत उरलेल्या माणसांच्या प्रमाणातच वाटली जायला हवी. पाचव्या आठवड्यात ११ आणि १२ असे सगळेच्या सगळे २३ जण उरले होते, आणि दोघांचा रोग उलटला. औषधवाल्या गटाच्या वाट्याला अपेक्षित घटना २ गुणिले ११ भागिले २३, म्हणजे ०.९६. प्रत्यक्षात त्या गटातला एकही नव्हता, दोघेही दुसऱ्या गटातले. तेविसाव्या आठवड्यात ७ आणि ६ जण उरले होते, आणि पुन्हा दोन घटना घडल्या. अपेक्षा १.०८, प्रत्यक्षात एक.

सेन्सर्ड रुग्ण ज्या आठवड्यापर्यंत निगराणीखाली होता, तोपर्यंत त्याला उरलेल्यांत मोजायचे, नंतर सोडून द्यायचे. त्याच्याबद्दल जेवढे खरोखर माहीत आहे तेवढेच वापरले जाते, ही मला या रीतीतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. एक बारकावा मात्र विद्यार्थी हमखास चुकवतात. तेराव्या आठवड्यात एकाचा रोग उलटला आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याची नोंद संपली. संकेत असा की घटना आधी घडली असे मानून त्या दुसऱ्यालाही उरलेल्यांत धरायचे. म्हणून तिथे औषधवाले १० आहेत, ९ नव्हेत.

अशा पंधरा थांब्यांवरच्या अपेक्षांची बेरीज औषधवाल्या गटासाठी १०.६९ येते. प्रत्यक्षात घटना ७ घडल्या. फरक ३.६९. याचा वर्ग १३.६१. निव्वळ योगायोगाने हा फरक किती हेलकावे खाऊ शकतो, त्याचे माप (व्हेरियन्स) सुमारे ४.०१. भागाकार ३.४० येतो. रूढ कसोटीला ३.८४ लागतात. पी-मूल्य ०.०६५, म्हणजे थोडक्यात हुकले.

इथे घाईने ‘औषध निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणे ही मोठी चूक. चाचणीचे बळ रुग्णांच्या संख्येवर नव्हे, घटनांच्या संख्येवर ठरते, आणि इथे घटना अवघ्या १८. इतक्या थोड्या घटनांत बराच खरा फरकही निसटू शकतो. शिवाय ३.८४ ही मोठ्या नमुन्यांसाठीची अंदाजी सीमा आहे. लहान नमुन्यात, गटांची नावे रुग्णांवर पुनःपुन्हा अदलाबदल करून काढलेले पी-मूल्यही सोबत पाहावे.

आणखी दोन ठिकाणी ही चाचणी फसते. दोन्ही गटांचे आलेख एकमेकांना छेदत असतील, तर सुरुवातीचा तोटा आणि नंतरचा फायदा एकमेकांना खोडतात आणि बेरीज शून्याजवळ येते. म्हणून आकड्याआधी आलेख पाहावा. दुसरे म्हणजे, प्रकृती ढासळल्यामुळेच रुग्ण तपासणीला येईनासे झाले असतील, तर त्यांना ‘तोवर ठीक होते’ म्हणून सोडून देणे दिशाभूल करते. हे कोणत्याही सूत्रातून कळत नाही, नोंदवही उघडून प्रत्येकाची नोंद का संपली ते वाचावे लागते.

या २३ जणांच्या आकडेवारीचा निकाल एवढाच: कल औषध चालू ठेवण्याच्या बाजूने आहे, पण पुरावा पुरेसा नाही.