शाळेच्या दाराशी रडणारे मूल

चार वर्षांचे मूल शाळेच्या दाराशी आईला बिलगून रडू लागले की ते हट्टी आहे, असा समज सहज होतो. एका बालवाडीच्या शिक्षिकेने अशाच एका मुलाच्या आईवडिलांस पत्र लिहून या रडण्याचे कारण उलगडून दाखविले.

पहिल्या आठवड्यात आई त्याची नजर चुकवून निघून गेली होती. त्या दिवशी निरोपाचे रडे टळले. परंतु दुसऱ्या दिवसापासून मूल तिचा हात सोडीना. आई केव्हाही नाहीशी होईल, या धास्तीने ते तिच्यावर जणू पहाराच ठेवू लागले. बिलगणे हे संरक्षकाला जवळ राखण्याचे बालकाचे उपजत साधन होय, असे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ साली आपल्या ग्रंथात मांडले होते.

'बारा वाजता येईन' यातील कालावधी या वयात उमगत नाही. म्हणून 'डबा खाऊन गोष्ट संपली की येईन' असे सांगावे, निरोप एकदाच व थोडक्यात घ्यावा आणि शब्द पाळावा, असे शिक्षिकेने सुचविले. आई गेल्यावर थोड्याच वेळात मूल खेळात रमले, तर चिंता नको. मात्र ही तीव्र धास्ती चार आठवडे टिकली आणि झोप वा जेवणही बिघडले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.