रात्रीची फाइल पोहोचली, हे कशावरून?

औषधांचा एखादा घाऊक विक्रेता दिवसभराची विक्री रोज रात्री आपला माल सांभाळणाऱ्या गोदाम-कंपनीला कळवतो. हिशेब बंद झाला की साडेबाराला सर्व्हरवर फाइल तयार होते. तिच्या नावात तारीख असते ती विक्रीच्या दिवसाची, पाठवण्याच्या नव्हे. मध्यरात्र उलटून गेलेली असल्याने इथे हमखास घोळ होतो. फाइल एसएफटीपीने, म्हणजे एसएसएचच्या कूटबद्ध जोडणीतून जाते. पासवर्ड टाकायला त्या वेळी कोणी नसते, म्हणून ओळख चावीने पटते: खाजगी चावी विक्रेत्याकडे, तिची सार्वजनिक जोडीदार गोदामाच्या सर्व्हरवर.

फाइल तयार होताच तिचा एसएचए-२५६ चेकसम काढतात. फाइल केवढीही असो, चेकसम ६४ अक्षरांचाच असतो आणि फाइलमधला एक अंक बदलला तरी तो पार बदलतो. वाटेतला बदल एसएसएच स्वतःच पकडते, मग चेकसम कशाला? कारण गडबड बहुधा टोकांना होते. पलीकडची डिस्क भरते, जोडणी तुटून अर्धीच फाइल उरते, किंवा पूर्ण लिहून होण्याआधीच कोणी ती उचलते. चेकसम मात्र मूळ फाइलवरूनच काढायला हवा. अर्धवट प्रतीवरून काढलेला चेकसम त्या अर्धवट प्रतीशी अगदी बरोबर जुळतो!

अर्धी फाइल उचलली जाऊ नये म्हणून ती आधी तात्पुरत्या नावाने चढवतात आणि शेवटी खरे नाव देतात:

```
put vikri_20250314.csv vikri_20250314.csv.part
put vikri_20250314.csv.sha256
rename vikri_20250314.csv.part vikri_20250314.csv
```

गोदामाचा प्रोग्राम फक्त `.csv` ने संपणाऱ्या नावाची वाट पाहतो. ते दिसले की `sha256sum -c` ने पडताळणी होते. चेकसम जुळला तर फाइल उघडून ओळी मोजल्या जातात आणि पोचपावतीची छोटी फाइल परतीच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. तिच्यात मूळ फाइलचे नाव, चेकसम, ओळींची संख्या आणि स्वीकारले की नाकारले एवढेच असते. विक्रेत्याचा प्रोग्राम ती वाचून आपल्या नोंदींशी ताडतो. पाठवताना एरर आली नाही म्हणजे काम झाले, असे धरणे ही या व्यवहारातली सर्वात महागडी चूक. फाइल चढली एवढेच त्यावरून कळते, ती वाचली गेली की नाही हे कळत नाही.

दोन वाजेपर्यंत पावती आली नाही तर इशारा जातो. यात न चाललेले कामही पकडले जाते, कारण जे काम सुरूच झाले नाही त्याची एररही येत नाही. मग तीच फाइल त्याच नावाने पुन्हा पाठवतात. चेकसम आधी स्वीकारलेल्या फाइलचाच असेल, तर गोदामाने विक्री दुसऱ्यांदा न धरता नुसती पावती पुन्हा द्यायची असते.

मजकूरच चुकीचा असेल तर चेकसम काही करू शकत नाही. कालचीच विक्री आजच्या नावाने गेली तरी तो जुळतो. त्यासाठी ओळींची संख्या आणि एकूण रक्कम विक्रेत्याच्या हिशेबाशी वेगळी ताडावी लागते. सुट्टीच्या दिवशीही शून्य ओळींची, फक्त शीर्षकाची फाइल पाठवतात. नाहीतर विक्री झाली नाही की फाइल आली नाही, हे गोदामाला ओळखता येत नाही.