रेल्वे की विमान? घरापासून घरापर्यंतचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीआधी एका पालकांनी मला विचारलं, "सर, पुणे-नागपूर विमान 2,900 आणि रेल्वेचा थर्ड एसी 1,500. फक्त चौदाशेचाच फरक, मग विमानानेच जावं ना?" तुम्हालाही असंच वाटतंय? चला, हिशेब मांडून पाहू. दर रोज बदलतात, म्हणून इथले आकडे उदाहरणापुरते धरा.

कुटुंबात आई, बाबा, 9 वर्षांची मुलगी आणि 4 वर्षांचा मुलगा. पहिला फरक तिकिटांच्या संख्येतच पडतो. रेल्वेत 5 वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. विमानात मात्र 2 वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र सीट, म्हणजे तिकीट घ्यावंच लागतं. मुलीसाठी बर्थ हवा तर रेल्वेतही पूर्ण भाडं.

रेल्वे (एका बाजूने)
तिकिटं 3 × 1,500 = 4,500
दोन्हीकडची रिक्षा = 400
चहा, पाणी, सकाळचा नाश्ता = 500 (रात्रीची पोळी-भाजी घरची)
सामान = 0 (थर्ड एसीत एका पूर्ण तिकिटावर 40 किलो मोफत)
एकूण 5,400 रुपये

विमान (एका बाजूने)
तिकिटं 4 × 2,900 = 11,600
दोन्हीकडची टॅक्सी = 1,100
दोन मोठ्या बॅगा = 2,000
चौघांचं खाणं = 800
एकूण 15,500 रुपये

बॅगांचे पैसे का लागले? बहुतेक साध्या तिकिटांत 15 किलोची बॅग धरलेली असते. पण काही सर्वात स्वस्त तिकिटांत फक्त हातातली 7 किलोची बॅगच चालते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी तिकिटावरची सामानाची ओळ नक्की वाचा. मोठी बॅग आधीच ऑनलाइन घेतली तर सहसा स्वस्त पडते, काउंटरवर महाग.

म्हणजे फरक चौदाशेचा नाही, 10,100 रुपयांचा आहे. जाऊन-येऊन 20,200!

आता वेळ. रेल्वेने घरापासून घरापर्यंत साधारण 15 तास धरू. विमानाचा प्रवास दीड तासाचा, पण टॅक्सी, दोन तास आधी पोहोचणं आणि बॅगेची वाट बघणं धरून 5 तास होतात. वाचले 10 तास. म्हणजे एका तासासाठी आपण सुमारे 1,000 रुपये मोजले. त्यातही रेल्वेचा बराचसा वेळ झोपेतच जातो.

मग विमान कधी परवडतं? रेल्वेचं तिकीट कन्फर्म नसेल, विमानामुळे एक बिनपगारी रजा वाचत असेल किंवा प्रवास दीड-दोन दिवसांचा असेल, तर हाच हिशेब पुन्हा मांडा. लांबच्या गाडीत जेवणाचा खर्च वाढतो आणि वाचणारे तासही वाढतात.

चौथी-पाचवीच्या मुलांना हे दोन रकाने कोरे द्या आणि आपल्याच गावच्या प्रवासाचे आकडे घरी विचारून भरायला सांगा. रिक्षा आणि खाण्याची ओळ कोण विसरतं, ते बघा!