दुकानदाराला महिन्याचा ऑटोमेशन रिपोर्ट कसा लिहावा?

सातारा-सांगलीकडच्या दुकानांसाठी मी व्हॉट्सॲपवर उधारीची आठवण पाठवणारं ऑटोमेशन बनवतो. महिनाअखेरीस मालकाला एक ईमेल जातो. त्यात नुसतं ‘१२० मेसेज पाठवले’ लिहून भागत नाही, कारण मालकाला कळायचं असतं की आठवण योग्य माणसापर्यंत पोचली का.

एक उदाहरण घेऊ. समजा, दुकान सांगलीत आहे, शाखा साताऱ्यात आहे आणि उधारीवाले १२० आहेत. व्हॉट्सॲपची सिस्टिम प्रत्येक मेसेजची स्थिती कळवते. `sent` म्हणजे मेसेज व्हॉट्सॲपकडून निघाला, `delivered` म्हणजे ग्राहकाच्या फोनवर पोचला आणि `failed` म्हणजे गेलाच नाही. प्रत्येक मेसेजची शेवटची स्थिती धरली की हिशोब असा लागतो: १०२ पोचले, ६ वाटेतच (बहुधा फोन बंद) आणि १२ अडकले. बेरीज १२० यायलाच हवी. नाही आली तर ईमेल थांबवून आधी लॉग तपासायचा.

अडकलेल्या १२ समोर `131026` हा कोड दिसतो. त्या नंबरवर व्हॉट्सॲप नसेल किंवा ॲप फार जुनं असेल, तर हा कोड येतो. पुन्हा पुन्हा पाठवून उपयोग नाही. नंबर तपासावा लागतो, आणि ते काम दुकानाचं आहे.

खरी गोची वेगळीच असते. पोचलेल्या १०२ पैकी चौघांनी आदल्या दिवशीच साताऱ्याच्या शाखेत रोख पैसे भरले होते. तिथल्या पावत्यांची एंट्री संध्याकाळी होते, उधारीची यादी मात्र सकाळीच काढलेली. सिस्टिमच्या दृष्टीने सगळं बरोबर, पण पैसे देऊनही तगादा आला की जुना ग्राहक दुखावतो. ही चूक कोणत्याच कोडमध्ये दिसत नाही. पावतीची तारीख आणि मेसेजची तारीख शेजारी ठेवली तरच सापडते.

मग ईमेल असा:

> नमस्कार काका,
> या महिन्यात १२० जणांना आठवण पाठवली. १०२ पोचल्या. त्यातल्या ९८ योग्य होत्या. त्यापैकी ३६ जणांनी आठवड्यात पैसे भरले. काही जण तसेही भरणारच होते, म्हणून सगळं श्रेय मेसेजला नाही.
> चौघांनी पैसे भरूनही त्यांना आठवण गेली. नावं सोबत आहेत, तुम्ही एक फोन करावा.
> १२ नंबर चालत नाहीत, यादी जोडली आहे.
> पुढच्या महिन्यापासून साताऱ्याची एंट्री झाल्यावरच यादी निघेल. त्यामुळे मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला जातील. चालेल का?

शेवटचा प्रश्न मुद्दाम ठेवलाय. मेसेज एक दिवस उशिरा गेलेला चालेल का, हे दुकानाच्या मालकानेच ठरवायचं.