ताई रजेवर गेल्यावर अकरा तारीख

बोळिंजमधलं हिशेबनिसांचं एक पाच जणांचं ऑफिस घ्या. त्यातल्या एका ताईंना स्तनाचा कर्करोग निघाला. परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया, नंतर दर २१ दिवसांनी केमो. म्हणजे काही महिन्यांची रजा. त्यांच्याकडे वीस दुकानदारांचं काम असेल, तर साहेबांच्या मनात पहिला विचार येतो की प्रत्येकी पाच वाटून टाकू. तो टाळावा.

हे काम माणसांवर नाही, तारखांवर चालतं. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला ३बी. म्हणून वाटणीही तारखेनुसार करावी. ११ तारीख सगळ्यांत नाजूक. ती चुकली तर दुकानदाराच्या गिऱ्हाइकाला त्या महिन्याचं क्रेडिट वेळेत दिसत नाही आणि तो थेट दुकानदारावर चिडतो. ते काम सर्वांत अनुभवी माणसाला द्यावं आणि त्याच्याकडचं दुसरं काहीतरी उघडपणे काढून घ्यावं. जे पुढे ढकलता येतं, उदाहरणार्थ जुन्या फायली लावणं, ते कुणालाच देऊ नये, सरळ थांबवावं. नाहीतर चौघेही रात्री आठपर्यंत बसतात आणि नकळत आजारी माणसावरच राग धरू लागतात.

खरी अडचण ओटीपीची असते. कित्येक दुकानदारांच्या नोंदणीत ताईंचाच मोबाईल क्रमांक दिलेला असतो. तो बदलला नाही, तर महिनाभर त्यांना फोन जात राहतात: "ताई, फक्त एक ओटीपी सांगा." केमोच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला हे विचारणं मला अतिशय चुकीचं वाटतं. रजा सुरू होण्याआधीच एकेक दुकानदार घेऊन त्याचा स्वतःचा क्रमांक आणि ईमेल पोर्टलवर घालून घ्यावा. वाटणी नीट झाली की नाही, ते पहिल्या महिन्यात ताईंना कामासाठी किती फोन गेले, यावरून कळतं.

संपर्क एकाच सहकाऱ्याने ठेवावा, आणि तो कुणी ठेवायचा हे ताईंनी सांगावं. आजाराचं नाव दुकानदारांना सांगायचं की "रजेवर आहेत" एवढंच म्हणायचं, हेही त्यांनाच विचारावं. भेटायला जाण्याची आपली रीत मायेची आहे. पण केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी कमी असतात आणि संसर्ग पटकन होतो. त्यामुळे पुढच्या केमोच्या आधीचे दिवस बरे, तेही विचारून, आणि सर्दी असेल तर अजिबात नको. एरवी मेसेज पुरतो: "उत्तर द्यायची गरज नाही, आठवण आली म्हणून." त्यात कामाचा प्रश्न जोडू नये.

परतल्यावर पहिल्या महिन्यात ११ तारखेचं काम त्यांच्याकडे देऊ नये. विरारची लोकल आणि गर्दी एवढंच पुष्कळ असतं. कुणी बोळिंजमध्येच राहत असेल तरी थकवा लगेच जात नाही. आधी चार-पाच दुकानदार परत द्यावेत. बाकीचे कधी घ्यायचे, हे त्यांनीच सांगावं.